एकदम चौपट की दोनदा दुप्पट?

फोटो मोठा करणाऱ्या नव्या प्रोग्रॅममध्ये बहुधा दोन पर्याय समोर येतात: 2x आणि 4x. फोटो चौपट करायचा असेल तर थेट 4x निवडता येतं. नाहीतर 2x करून आलेला फोटो पुन्हा 2x मधून काढता येतो. दोन्ही वाटांनी तयार होणाऱ्या फाइलची लांबी-रुंदी तंतोतंत सारखी असते, चित्र मात्र सारखं नसतं. जुन्या फोटोंचं काम करणाऱ्यांत ‘दोनदा दुप्पट केलं की जास्त साफ येतं’ असं छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात. स्क्रीनवर पाहिलं तर त्यांचं म्हणणं खरंही वाटतं. पण साफ दिसणं वेगळं आणि फोटोत जे होतं ते दिसणं वेगळं. घरातल्या जुन्या फोटोच्या बाबतीत आपल्याला दुसरं हवं असतं.

आधी हिशेब पाहू. चौपट म्हणजे लांबीही चौपट आणि रुंदीही चौपट, म्हणजे एका पिक्सेलच्या जागी सोळा पिक्सेल. त्या सोळांची सरासरी काय असावी एवढंच मूळ फोटो सांगतो. त्यांची आपसातली मांडणी, म्हणजे कुठे कड आहे, कुठे केस आहे, कुठे नुसती सावली आहे, हे प्रोग्रॅम अंदाजाने ठरवतो. तो अंदाज लाखो फोटोंच्या तुकड्यांवर सराव करून आलेला असतो. दुप्पट करताना एकाच्या जागी चारच पिक्सेल भरायचे असतात, त्यामुळे अंदाजाची उडी लहान राहते. लहान उडीत चूक कमी, मग दोन लहान उड्या घ्याव्यात, हा तर्क सहज सुचणारा आहे.

या सवयीला इतिहासही आहे. २०१५ साली आलेला waifu2x हा प्रोग्रॅम जपानी अॅनिमे चित्रांसाठी बनवला होता आणि तो फक्त दुप्पट करायचा. चौपट हवं असेल तर दोनदा चालवण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. सपाट रंग आणि ठळक रेघा असलेल्या चित्रांवर त्याचा निकाल छानच यायचा. पुढे २०१८ मध्ये ईएसआरगॅन आणि २०२१ मध्ये रिअल-ईएसआरगॅन आलं. त्यांची मुख्य मॉडेलं थेट चौपट करणारी होती, पण लोकांची दोनदा चालवायची सवय सुटली नाही.

आता रिअल-ईएसआरगॅनचं चौपट करणारं मॉडेल, म्हणजे RealESRGAN_x4plus, आतून काय करतं ते पाहू. गंमत अशी की तेही आत दोनदा दुप्पटच करतं. फोटो आत गेला की लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांऐवजी प्रत्येक ठिकाणाबद्दल चौसष्ट आकडे तयार होतात. इथे तिरकी कड असावी, इथे पोत आहे, इथे जेपीईजीमुळे आलेला चौकोनी डाग असावा, अशा प्रकारची माहिती त्यांत विखुरलेली असते. विचाराचं सगळं जड काम मूळ आकारावरच होतं. मग हे चौसष्ट आकडे घेऊनच पहिलं दुप्पट होतं, त्यांच्यासकट दुसरं दुप्पट होतं आणि अगदी शेवटी त्यांचे पुन्हा तीन रंग केले जातात.

आपण बाहेरून दोनदा दुप्पट करतो तेव्हा मधल्या टप्प्यावरच सगळं तीन रंगांत बंद होतं. प्रत्येक रंगाला शून्य ते २५५ एवढ्याच पायऱ्या. ‘ही रेघ असेल, पण खात्री नाही’ ही शंका चौसष्ट आकड्यांत कुठेतरी शिल्लक राहू शकते. तीन रंगांत ती मावत नाही, तिथे एक तर रेघ उमटते किंवा उमटत नाही. दुसऱ्या फेरीच्या हातात पहिल्या फेरीचा निकाल येतो, तिची शंका येत नाही. मूळ फोटो तर तिला दिसतच नाही.

दुसरी अडचण सरावाची. रिअल-ईएसआरगॅनला शिकवताना चांगले फोटो घेऊन ते मुद्दाम खराब केले होते. आधी धूसर करायचे, आकार बदलायचा, दाणे टाकायचे, जेपीईजीने दाबायचे आणि हे सगळं पुन्हा एकदा करायचं. असा दोनदा रगडलेला छोटा फोटो मॉडेलला द्यायचा आणि मूळ चांगला फोटो परत मागायचा. त्यामुळे समोर आलेला प्रत्येक फोटो बिघडलेला आहे असं गृहीत धरूनच ते कामाला लागतं. पहिल्या फेरीत हे गृहीतक बरोबर असतं. दुसऱ्या फेरीत मात्र समोर येतो तो आधीच धुऊन-पुसून निघालेला फोटो, तरी मॉडेल पुन्हा धुवायला बसतं. पहिल्या फेरीतून कसाबसा वाचलेला कातडीचा किंवा कापडाचा पोत त्याला दाण्यांसारखा वाटतो आणि पुसला जातो. शिवाय शिकवताना अपेक्षित उत्तर म्हणून जे फोटो वापरले, त्यांच्या कडा थोड्या धारदार केलेल्या होत्या. त्यामुळे प्रत्येक फेरीत कडांना धार चढते. दोन फेऱ्यांत दोनदा धार चढली की गडद कडेला लागून एक पांढुरकी किनार दिसू लागते.

झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षर फिकट होत जातं, हे आपल्याला माहीत आहे. इथे नेमकं उलटं होतं. प्रत्येक फेरीत अक्षर अधिक काळं, अधिक ठाम होत जातं. फक्त ते मूळचं अक्षर असेलच असं नाही. फिकट झेरॉक्स पाहून माणूस सावध तरी होतो, ठाम अक्षर पाहून विश्वास ठेवतो.

एक नमुना घेऊ, असा फोटो बऱ्याच घरांत सापडेल. १९७८ सालचा शाळेतला वर्गाचा फोटो. चार ओळींत मुलं, मागे कडुनिंब, पुढच्या मुलाच्या हातात पाटी आणि पाटीवर खडूने शाळेचं नाव: जीवन शिक्षण मंदिर. मूळ प्रिंट हरवली आहे. कुणीतरी कधीतरी फोनवर घेतलेली ६४० बाय ४८० पिक्सेलची जेपीईजी फाइल तेवढी उरली आहे. ती चौपट केली तर २५६० बाय १९२० होते. इंचाला तीनशे पिक्सेल धरले तर आठ बाय सहा इंची प्रिंटला ती पुरून उरते. एका ओळीत दहा मुलं धरली तर प्रत्येक चेहऱ्याच्या वाट्याला रुंदीत जेमतेम तीस पिक्सेल येतात. पाटीवरचं अक्षर दहा-बारा पिक्सेल उंच आणि ‘मंदिर’मधला अनुस्वार दोन पिक्सेलांचा.

दोन्ही वाटांच्या आज्ञा अशा:

```
python inference_realesrgan.py -n RealESRGAN_x4plus -i varga.jpg -o a --suffix 4x --ext png

python inference_realesrgan.py -n RealESRGAN_x2plus -i varga.jpg -o b --outscale 2 --suffix 2x --ext png
python inference_realesrgan.py -n RealESRGAN_x2plus -i b/varga_2x.png -o b --outscale 2 --suffix 2x --ext png
```

यात दोन ठिकाणी हमखास फसायला होतं. पहिली जागा `--outscale`. ही सूचना दिली नाही तर प्रोग्रॅम चार धरून चालतो. दुप्पट करणारं मॉडेल निवडून ती विसरलात, तर मॉडेल दुप्पट करतं आणि उरलेलं दुप्पट साध्या गणिती पद्धतीने ताणलं जातं. फाइलचा आकार चौपटच दिसतो, त्यामुळे काही बिघडलंय असं वाटत नाही, आणि आपण भलत्याच दोन गोष्टींची तुलना करत बसतो. दुसरी जागा `--ext`. ती दिली नाही तर आत आलेली फाइल ज्या प्रकारची असेल त्याच प्रकारात बाहेर पडते. म्हणजे जेपीईजी दिली की मधली फाइलही जेपीईजीच. जेपीईजी चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलांचे चौकोन पाडून दाबते. ते नवे चौकोन मग दुसऱ्या फेरीला खरेखुरे वाटू शकतात. मधली फाइल पीएनजीच हवी.

निकाल शंभर टक्के आकारावर उघडून आधी पाटी पाहावी. थेट चौपट केलेल्या फोटोत अक्षरं जरा मऊ राहतात आणि अनुस्वार शिरोरेषेवरचा अस्पष्ट ठिपका म्हणून दिसतो. दोनदा दुप्पट केलेल्या फोटोत तोच ठिपका पहिल्या फेरीत शिरोरेषेला चिकटून बारीक उंचवटा होऊ शकतो. दुसऱ्या फेरीला तो उंचवटा स्वच्छ, धारदार कडेचा दिसतो, म्हणून ती त्याला ओढून आणखी नेटकं करते. ‘मंदिर’चं ‘मेदिर’ व्हायला एवढं पुरतं. थेट चौपट करतानाही अशी चूक होते, पण ती बहुतेक वेळा चुकीसारखीच दिसते. देवनागरी लिहिलेला फोटो हाती असेल तर तपासणी अनुस्वार, मात्रा आणि रफारापासून करावी, कारण सगळ्यात बारीक खुणा तिथेच असतात.

मग कडुनिंब. पानांच्या गर्दीत मॉडेलला धरायला ठोस काही नसतं, त्यामुळे तिथे ते सर्वांत मोकाट सुटतं. दोन फेऱ्यांनंतर पानांच्या जागी ब्रशने ओढल्यासारखे गुळगुळीत फटकारे दिसू लागतात. चेहऱ्यांवर गाल मेणासारखे होतात आणि भुवया मात्र नको तेवढ्या काळ्याभोर. हे दोन टोकांचे बिघाड एकाच चेहऱ्यावर एकत्र दिसले, तर फोटो दोन फेऱ्यांतून आलाय असं ओळखायला हरकत नाही.

वेळेबद्दलही एक समज आहे की दोन फेऱ्या म्हणजे पाचपट काम. साध्या बांधणीच्या मॉडेलला ते लागू पडतं. पहिल्या फेरीत जेवढे पिक्सेल, त्याच्या चौपट दुसऱ्या फेरीत, म्हणजे एकाला चार मिळवून पाच. पण RealESRGAN_x2plus ची बांधणी वेगळी आहे. ते आत आलेला फोटो आधी अर्ध्या लांबी-रुंदीत घडी घालून बसवतं. शेजारच्या चार पिक्सेलांचा एक गठ्ठा करायचा आणि विचार त्या लहान आकारावर करायचा. त्यामुळे आपल्या फोटोची पहिली फेरी ३२० बाय २४० वर चालते आणि दुसरी ६४० बाय ४८० वर. थेट चौपट करणारं मॉडेलही ६४० बाय ४८० वरच विचार करतं. म्हणजे दोन फेऱ्यांचं काम सव्वापटच, वेळेसाठी वाट बदलावी असं काही नाही.

पण याच हिशेबातून दोन वाटांमधला खरा फरक नेमका दिसतो. दुसरी फेरी आणि थेट चौपट दोन्ही ६४० बाय ४८० च्याच जाळीवर, जवळपास त्याच यंत्राने विचार करतात. एकाच्या पुढ्यात मूळ फोटो असतो, दुसऱ्याच्या पुढ्यात मूळ फोटोबद्दलचा पहिला अंदाज. मूळ फोटो हाताशी असताना अंदाजावरून अंदाज का करायचा, या प्रश्नाला दोन फेऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांकडून मला अजून समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही.

तरीही दोन फेऱ्यांची वाट सरसकट चूक म्हणता येणार नाही. मध्ये थांबून हाताने काही करायचं असेल तर ती उपयोगाची आहे. १२८० बाय ९६० वर थांबायचं, फोटोवरचा ओरखडा काढायचा, पाटीवरचं ‘मे’ पुन्हा ‘मं’ करायचं, गालांवर थोडे दाणे परत टाकायचे आणि मग पुढे जायचं. दुसऱ्या फेरीला चुकीऐवजी दुरुस्त केलेलं चित्र मिळालं की चूक पुढे सरकत नाही. मात्र दुसऱ्या फेरीला साफसफाई करणारं मॉडेल देऊ नये. साधं, मवाळ मॉडेल द्यावं किंवा लँक्झोससारख्या गणिती पद्धतीनेच मोठं करावं. मुळात स्वच्छ असलेल्या रेखाचित्रांना, नकाशांना, व्यंगचित्रांना दोन फेऱ्या सहसा बाधत नाहीत. त्यांत पुसला जाण्यासारखा पोतच नसतो आणि कडा मुळातच ठळक असतात.

आणखी एक वाट आहे, आणि ती फारशी कुणाला सुचत नाही. पुष्कळ फोटो आकाराने मोठे पण आतून पोकळ असतात. १६०० पिक्सेल रुंदीची फाइल, पण फोकस इतका हललेला की आठशे पिक्सेलांतही तेवढंच दिसावं. अशा फोटोची दुप्पट आवृत्ती हवी असेल तर तो आधी निम्मा करावा आणि मग एकदाच चौपट करावा. निम्मा केल्याने गमावण्यासारखं फारसं काही नसतं. धूसर कड मात्र आकसून अशा रुंदीची होते की मॉडेल तिला कड म्हणून ओळखतं. हाच फोटो जसाच्या तसा 2x ला दिला तर बऱ्याचदा मोठा झालेला धूसर फोटोच हाती येतो. फोटो पोकळ आहे की नाही हे तपासणं सोपं आहे. तो निम्मा करावा, साध्या पद्धतीने पुन्हा मूळ आकाराचा करावा आणि आधीच्याशी ताडून पाहावा. फरक दिसला नाही, तर तो पोकळच होता.

दोन्ही निकाल समोर आल्यावर नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवू नये. डोळा धारदार कडेवर भाळतो. त्याऐवजी मोठा केलेला फोटो पुन्हा एक चतुर्थांश करावा आणि मूळ फाइलशी ताडावा:

```
magick a/varga_4x.png -resize 25% a_chk.png
magick compare -fuzz 8% varga.jpg a_chk.png a_diff.png

magick b/varga_2x_2x.png -resize 25% b_chk.png
magick compare -fuzz 8% varga.jpg b_chk.png b_diff.png
```

जिथे आठ टक्क्यांहून जास्त फरक पडला असेल ती जागा लाल दिसते. मूळ फोटोतले दाणे मॉडेलने पुसले असतील तर लाल ठिपके सगळीकडे विखुरलेले दिसतील, त्याची चिंता नको. पण लाल रंग डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला किंवा पाटीच्या अक्षरांवर गोळा झाला असेल, तर तिथे मॉडेलने मूळ फोटोला सोडून स्वतःचं काही घुसवलंय. दोन्ही फाइलींतले लाल पुंजके शेजारी ठेवून पाहिले की त्या फोटोपुरता निर्णय होऊन जातो. सगळ्या फोटोंना एकच उत्तर लागू पडेल असं नाही, म्हणून ही तपासणी प्रत्येक महत्त्वाच्या फोटोला करावी.

या तपासणीलाही मर्यादा आहे. ती पास झाली म्हणजे भरलेला तपशील खरा ठरला असं नाही. लहान केल्यावर एकसारखे दिसतील असे मोठे फोटो असंख्य असू शकतात आणि मॉडेलने त्यांतला एक निवडलेला असतो. तीस पिक्सेल रुंदीच्या चेहऱ्यात डोळ्याच्या वाट्याला पाच-सहा पिक्सेल येतात. तेवढ्यावरून पापणी कशी होती ते ना एका फेरीत कळेल, ना दोन फेऱ्यांत. प्रोग्रॅममध्ये `--face_enhance` म्हणून चेहरा सुधारण्याचा एक पर्याय असतो. तो चेहरा वेगळा काढून जीएफपीगॅन नावाच्या दुसऱ्या मॉडेलकडून नव्याने घडवून आणतो. निघालेला चेहरा देखणा असतो, पण तो आपल्या काकांचाच असेल याची हमी नसते. वर्गाच्या फोटोला तो पर्याय देऊच नये, आणि दोन फेऱ्यांत दोनदा तर मुळीच नाही.

खरं तर आपल्या नमुन्याला चौपट तरी हवं का? भिंतीवरचा आठ इंची फोटो आपण हातभर अंतरावरून पाहतो. इंचाला दोनशे पिक्सेल धरले तर १६०० पिक्सेल रुंदी पुरते, म्हणजे मूळच्या अडीचपट. एकदा चौपट करून तो खाली १६०० वर आणला की मॉडेलच्या बारीकसारीक लबाड्या आपोआप दबतात. पाटी वाचता येते, गालांचा मेणचटपणा कमी होतो. आज्ञेत `--outscale 2.5` दिलं तर प्रोग्रॅम हे स्वतःच करतो, आधी चौपट आणि मग बारीक. वर्गाच्या अशा फोटोला मी हीच वाट घेईन.

मूळ जेपीईजीला मात्र हात लावू नका. मोठ्या केलेल्या फाइलच्या नावात मॉडेलचं नाव आणि कितीपट केलं ते लिहा, उदाहरणार्थ varga_1978_x4plus_2.5x.png. प्रिंट काढलीत तर मागच्या बाजूला पेन्सिलने तेवढीच नोंद करा. नाहीतर वीस वर्षांनी कुणीतरी हाच फोटो मूळ समजून पुन्हा चौपट करायला घेईल.